देवराई, धर्म आणि पर्यावरणनीती : झोटेरोमध्ये सटीप संदर्भसूची करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांत धर्म आणि पर्यावरणनीती या विषयावर प्रबंध, लघुप्रबंध किंवा स्थानिक अभ्यास करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. झोटेरो ही संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारी संगणकप्रणाली आहे, आणि सटीप सूची म्हणजे प्रत्येक संदर्भाखाली लहानशी टीप असलेली सूची. सीमाभागातल्या अभ्यासकाच्या टेबलावर इंग्रजी शोधनिबंध, मराठी पुस्तके आणि कन्नड अहवाल एकाच वेळी असतात. इतरत्र एका भाषेत सुटणारे प्रश्न येथे तीन लिप्यांत सोडवावे लागतात, म्हणून ही उत्तरे त्या अंगाने लिहिली आहेत.

विषय एवढा मोठा आहे, तर सूची कोठून सुरू करावी?

"धर्म आणि पर्यावरण" या नावाने सूची सुरू केली, तर ती कधीच पुरी होत नाही. एक ठोस गोष्ट निवडावी आणि तिच्याभोवती सूची बांधावी. आपल्या भागासाठी मी देवराई सुचवतो. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला आहे, मलप्रभा तेथेच कणकुंबीला उगम पावते, आणि देवाच्या नावाने राखलेले रान हा शब्दप्रयोग त्या गावांतल्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. शिवाय देवराईवर वनस्पतिशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, धर्माचे अभ्यासक आणि इतिहासकार या सर्वांनी लिहिले आहे व त्यांचे एकमेकांशी पटत नाही. मतभेद नसलेल्या विषयाच्या सूचीतल्या टिपा एकसारख्या, निर्जीव होतात. पहिल्या सूचीसाठी चाळीस नोंदी पुरेशा आहेत. त्यांतल्या प्रत्येक नोंदीचे लेखन स्वतः वाचलेले असले पाहिजे, ही अट मात्र मोडू नये.

देवराईवरचे लेखन शोधताना कोणते शब्द वापरावेत?

एकाच शब्दावर अवलंबून राहिल्यास निम्मे लेखन हाती लागत नाही. मराठीत देवराई आणि कोकणपट्टीत देवरहाटी म्हणतात, कर्नाटकात, विशेषतः कोडगूमध्ये, देवरकाडु म्हणतात, केरळात कावू, राजस्थानात ओरण आणि झारखंडात सरना. रोमन लिपीत तर देवराई हा एकच शब्द तीन-चार प्रकारांनी लिहिलेला आढळतो :

```
"sacred grove" OR devrai OR devarai OR deorai
OR devrahati OR devarakadu OR "devara kadu"
```

शोध कोणत्या शब्दांनी, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या तारखेला घेतला, याची एक स्वतंत्र टीप झोटेरोत ठेवावी. सूचीत एखादा लेख का नाही, असे मार्गदर्शकांनी विचारले की उत्तर त्या टिपेतून मिळते.

डीओआय टाकला की नोंद आपोआप येते. मग हाताने काय तपासायचे?

डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक. त्यावरून आपोआप आलेली नोंद हा कच्चा माल समजावा. या विषयात ज्या लेखावरून बहुतेक वाद सुरू झाला, तो लिन व्हाइट यांचा १९६७ सालचा सायन्स या नियतकालिकातला लेख घेऊ. झोटेरोच्या पट्टीवरील जादूच्या कांडीचे चिन्ह दाबून पुढील क्रमांक टाकावा :

```
10.1126/science.155.3767.1203
```

या क्रमांकातच खंड १५५, अंक ३७६७ आणि पहिले पान १२०३ दडलेले आहे. आलेल्या नोंदीतले `Volume`, `Issue` आणि `Pages` त्याच्याशी जुळतात का, हे लगेच कळते. सर्वच डीओआय इतके बोलके नसतात, तेव्हा इतर वेळी लेखाचे पहिले पान उघडूनच पडताळणी करावी लागते.

त्यानंतर शीर्षक पाहावे. व्हाइट यांच्या शीर्षकातला शेवटून दुसरा शब्द `Ecologic` असा आहे. अनेक सूच्यांमध्ये तो `Ecological` असा "सुधारून" छापलेला आढळतो, आणि अशा सूचीवरून कोणी नोंद उतरवली की एकच लेख दोन नावांनी आपल्या संग्रहात येतो. शीर्षक नेहमी वाक्याप्रमाणे, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामे वगळता लहान अक्षरांत साठवावे. झोटेरो गरजेप्रमाणे प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करू शकते, पण मोठ्या अक्षरांत साठवलेले शीर्षक ज्या संदर्भशैलीला लहान अक्षरे हवीत तेथे तसेच छापले जाते. शीर्षकावर उजवी कळ दाबून `Transform Text` मधून `Sentence case` निवडता येते. मात्र त्यानंतर विशेषनामे हाताने तपासलीच पाहिजेत, नाहीतर सह्याद्रीचे इंग्रजी नावही लहान अक्षरांत उरू शकते.

तिसरी गोष्ट आवृत्तीची आहे. व्हाइट यांचा हा लेख अनेक संकलनांत पुन्हा छापला गेला आहे. आपण संकलनातला पाठ वाचला असेल, तर नोंद त्या संकलनाचीच करावी आणि मूळ वर्ष `Extra` या रकान्यात सर्वांत वर स्वतंत्र ओळीत असे लिहावे :

```
original-date: 1967
```

जे वाचले त्याचीच नोंद, हा नियम पाळला तर उद्धृताचा पृष्ठक्रमांक कधी चुकत नाही.

संपादित ग्रंथातला लेख कसा नोंदवावा?

सर्वांत जास्त चुका येथे होतात. या क्षेत्रातले बरेच लेखन परिषदांमधून आलेले आणि संपादित ग्रंथांत विखुरलेले आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९९६ ते १९९८ या काळात मेरी एव्हलिन टकर आणि जॉन ग्रिम यांच्या पुढाकाराने जगातील धर्म आणि परिसर या विषयावर परिषदा झाल्या व त्यांतून ग्रंथमाला निघाली. तिच्यातला हिंदू परंपरेवरचा खंड क्रिस्टोफर चॅपल आणि टकर यांनी संपादित केला व तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात केली अ‍ॅली यांचा गंगेच्या प्रदूषणावर लेख आहे.

ग्रंथालयाच्या यादीतून आयएसबीएन टाकून नोंद आणली की झोटेरो संपूर्ण ग्रंथाची `Book` प्रकारची नोंद करते. आपल्याला हवी आहे `Book Section`. आधीच्या नोंदीवर उजवी कळ दाबून `Create Book Section` निवडले की ग्रंथाचे तपशील नव्या नोंदीत उतरतात. मग `Title` मध्ये लेखाचे नाव, `Book Title` मध्ये ग्रंथाचे नाव, लेखिका `Author` म्हणून आणि चॅपल व टकर `Editor` म्हणून आहेत ना, हे पाहावे. संपादकच लेखक म्हणून राहिले, तर छापील सूचीत अ‍ॅली यांचे विधान चॅपल यांच्या नावावर जाते. पर्यावरणनीतीसारख्या विषयात, जेथे एकाच ग्रंथात परस्परविरोधी भूमिका शेजारी शेजारी असतात, तेथे ही चूक स्वल्पविरामाची राहत नाही, ती अर्थाची होते.

व्यक्तिनावांसाठी कोणता नियम ठेवावा?

आडनाव एका रकान्यात आणि नाव दुसऱ्यात, हा साधा नियम पाटील, देसाई किंवा गाडगीळ यांना लागू पडतो. तो तीन ठिकाणी अडतो. संतांना आडनाव नसते, म्हणून तुकाराम, बसवण्णा ही नावे नावाशेजारचे चिन्ह दाबून एकाच रकान्यात ठेवावीत. संस्था आणि शासकीय खाती यांचेही तसेच. कर्नाटकातल्या अनेक लेखकांच्या नावाआधी गावाचे आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते व शेवटचा शब्द हा आडनाव नसून व्यक्तीचेच नाव असतो. तेथे छापील मुखपृष्ठावर नाव जसे आहे त्याचा शेवटचा शब्द पहिल्या रकान्यात आणि आद्याक्षरे दुसऱ्यात असे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे.

एकाच माणसाचे नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसरीत आद्याक्षराने असले, तर काही शैली त्यांना दोन वेगळी माणसे समजतात आणि मजकुरात उद्धृतासोबत नावाचे पहिले अक्षर छापू लागतात. मजकुरात एखाद्याच लेखकाचे आद्याक्षर अकारण दिसू लागले, की संग्रहात नावाची दोन रूपे आहेत असे ओळखावे.

मराठी आणि कन्नड शीर्षके कोणत्या लिपीत ठेवावीत?

मूळ लिपीतच. रोमन लिप्यंतर करण्याची सवय जुन्या संगणकांच्या काळातली आहे आणि तिच्यामुळे ग्रंथ पुन्हा शोधता येत नाही. कन्नड शीर्षक कन्नड लिपीत ठेवून त्याचा मराठी अर्थ टिपेच्या पहिल्या वाक्यात द्यावा, कारण झोटेरोत एकाच शीर्षकाची दोन भाषांतली रूपे ठेवायला स्वतंत्र रकाना नाही. `Language` या रकान्यात मराठीसाठी `mr`, कन्नडसाठी `kn` आणि इंग्रजीसाठी `en` लिहावे. "मराठी", `Marathi` आणि `mar` असे मिश्रण होऊ देऊ नये. हा रकाना नुसता शोभेचा नाही. रोमन लिपीत छापलेल्या एखाद्या मराठी शीर्षकापुढे तो रिकामा असला, तर इंग्रजी शैली ते इंग्रजी समजून प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करते.

देवनागरी टंकनात एक बारीक अडचण आहे. "कऱ्हाड" किंवा "डोंगऱ्या" यांतला अर्धा र दोन वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांनी टंकित होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. गटातल्या सर्वांनी एकच कळफलक वापरणे हा यावरचा सोपा उपाय आहे. जुन्या मराठी पीडीएफमधून शीर्षक उचलू नये. ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली असेल, तर चिकटवल्यावर अर्थहीन रोमन अक्षरे येतात.

जुन्या पुस्तकावर शके दिलेले असेल आणि शहराचे नाव बदललेले असेल, तर काय लिहावे?

`Date` मध्ये इसवी सन आणि तोही इंग्रजी अंकांतच लिहावा, कारण देवनागरी अंकांतले वर्ष झोटेरो वर्ष म्हणून ओळखत नाही आणि कालक्रम बिघडतो. शके वर्षात ७८ मिळवावेत. म्हणजे शके १८३५ हे १९१३ होते. मात्र शक वर्ष गुढीपाडव्याला बदलते, त्यामुळे पौष ते फाल्गुनातले प्रकाशन पुढच्या इसवी सनात जाऊ शकते. महिना छापलेला नसेल तर १९१३ लिहून मूळ शके टिपेत नमूद करावे.

प्रकाशनस्थळ नेहमी पुस्तकावर छापलेले तेच ठेवावे. बेळगाव शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, पण त्याआधीच्या पुस्तकावर ते लादणे योग्य नाही. शासकीय प्रकाशनांत तर काळजी अधिकच घ्यावी लागते. बेळगाव जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटिअर हा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकविसावा खंड आहे. १९५६ नंतरच्या अहवालांवर म्हैसूर राज्याचे नाव असते आणि १९७३ पासून कर्नाटकाचे. एकाच जंगलाची कागदपत्रे तीन शासनांच्या नावाखाली सापडतात, आणि सर्वांना "कर्नाटक शासन" असे एकच नाव दिले, तर पुढच्या वाचकाने ती कोणत्या दप्तरात शोधावीत हेच कळेनासे होते.

टीप नेमकी कोणत्या रकान्यात लिहावी?

तीन जागा समोर असतात आणि त्यांतली निवड चुकली की शेवटी सारे काम पुन्हा करावे लागते. नोंदीखाली जोडलेली टीप वाचनाच्या काळात उत्तम, पण ती संदर्भसूचीत छापली जात नाही. `Abstract` या रकान्यात प्रकाशकाचा गोषवारा आपोआप येऊन बसलेला असतो. `Extra` हा रकाना बहुधा रिकामा असतो.

सटीप सूचीच्या काही शैली `Abstract` छापतात आणि काही `Extra` छापतात. `Settings` मधल्या `Cite` या भागात शैली वाढवता येतात. तेथे `annotated` हा शब्द शोधून शैली घ्यावी आणि मग एक चाचणी करावी. एका बनावट नोंदीच्या `Abstract` मध्ये "अ" आणि `Extra` मध्ये "ब" लिहून `Create Bibliography from Items…` वापरावे. कोणते अक्षर छापले जाते ते पाहूनच शैली निश्चित करावी. मी `Extra` छापणारी शैली घेण्याचाच आग्रह धरतो. कारण एकदा माझ्याच पहिल्या सूचीत `Abstract` छापणारी शैली निवडली गेली होती, आणि ज्या नोंदींच्या टिपा लिहायच्या राहिल्या होत्या त्यांच्याखाली प्रकाशकांचे गोषवारे माझ्या नावाने छापले गेले. ते वाङ्मयचौर्य होते, हेतू तसा नसला तरीही. सूची परत मागवून घेतली, पण ती खंत राहिली.

`Extra` मध्ये टीप एकाच परिच्छेदात लिहावी. `original-date` सारखी ओळ असेल तर ती वर आणि टीप तिच्याखाली. कोणत्याही ओळीची सुरुवात रोमन शब्द आणि अपूर्णविराम अशी करू नये, कारण अशी ओळ झोटेरोला एखादा रकाना वाटू शकते.

टिपेत काय असावे? सारांश पुरेसा नाही का?

सारांश पुरेसा नाही, आणि या विषयात तर तो घातकही ठरू शकतो. धर्म आणि पर्यावरण यांवरच्या लेखनात तीन वेगळ्या प्रकारची विधाने मिसळलेली असतात. पहिले विधान ग्रंथाविषयी असते : श्रुती, अभंग, वचन किंवा आगम काय सांगतात. दुसरे आचाराविषयी असते : माणसे प्रत्यक्ष काय करतात. तिसरे परिसराविषयी असते : त्यामुळे झाडे, पाणी, जनावरे यांचे काय झाले. पहिल्यावरून दुसरे किंवा दुसऱ्यावरून तिसरे सिद्ध होत नाही. ग्रंथात वृक्षाला पूज्य म्हटले म्हणून गाव झाड तोडत नाही असे होत नाही, आणि गाव झाड तोडत नाही म्हणून रान टिकले असेही होत नाही. चराई, रस्ता, मंदिराचा जीर्णोद्धार यांनी ते कमी झालेले असू शकते. एमा टोमॅलिन यांनी २००४ मध्ये न्यूमेन या नियतकालिकात हाच भेद नेमका मांडला : निसर्गात देवत्व पाहणे ही एक गोष्ट आणि पर्यावरणरक्षणाचा आधुनिक विचार ही दुसरी.

अ‍ॅली यांचा वर उल्लेखलेला लेखही येथे उपयोगी पडतो. बनारसमधल्या श्रद्धावंतांच्या दृष्टीने गंगा अस्वच्छ असू शकते, पण अपवित्र होऊ शकत नाही, असे त्या दाखवतात. मलप्रभेच्या काठावर मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्याने हा भेद मनात ठेवला नाही, तर "नदी पवित्र मानतात, म्हणून स्वच्छ ठेवतात" असा निष्कर्ष तो सहज लिहून जाईल.

म्हणून प्रत्येक टिपेत पाच गोष्टी याच क्रमाने याव्यात : लेखकाचा प्रश्न, त्याने वापरलेली सामग्री व प्रदेश, मुख्य दावा, तो दावा वरील तिघांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, आणि त्याची मर्यादा किंवा सूचीतल्या दुसऱ्या नोंदीशी असलेले नाते. शंभर ते दीडशे शब्द पुरतात. सूचीतला सारखेपणा खरोखर येथे लागतो. स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरे झोटेरो सांभाळते.

एक पूर्ण नोंद करून दाखवता येईल का?

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा १९७६ सालचा लेख घेऊ. पश्चिम घाटातल्या देवराईंच्या अभ्यासाला त्याने पाया दिला. रकाने असे भरावेत :

```
Item Type: Journal Article
Title: The sacred groves of Western Ghats in India
Author: Gadgil | Madhav
Author: Vartak | V. D.
Publication: Economic Botany
Volume: 30
Pages: 152-160
Date: 1976
Language: en
```

पहिल्या खेपेला बहुतेक जण टीप अशी लिहितात : "हा देवराईंवरचा अत्यंत महत्त्वाचा लेख असून आपल्या पूर्वजांनी धर्माच्या माध्यमातून पर्यावरणाचे रक्षण कसे केले, हे त्यातून स्पष्ट होते." हे वाक्य लेख न वाचताही लिहिता आले असते. शिवाय "पर्यावरणाचे रक्षण करण्यासाठी" असा हेतू पूर्वजांच्या पदरी घातला आहे, तो वेगळाच. सुधारलेली टीप अशी :

"देवराई ही संस्था कोठून आली आणि पश्चिम घाटात ती आज कोणत्या स्थितीत आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. लेखकांची सामग्री मुख्यतः महाराष्ट्रातल्या देवराईंची पाहणी ही आहे. देवराईतील सर्व वनस्पती देवतेच्या संरक्षणाखाली मानल्या जातात व त्या तोडण्यास मनाई असते, या प्रथेचे मूळ शिकारी व अन्नसंकलक समाजाच्या अवस्थेत आहे, आणि अनेक ठिकाणी मूळ जंगलाचे अखेरचे अवशेष याच राईंत उरले आहेत, असे ते मांडतात. मनाईविषयीचा दावा आचाराचा व अवशेषांविषयीचा दावा परिसराचा आहे. उगमाविषयीचा भाग मात्र अनुमान आहे. केरळातल्या कावूंवर लिहिणारे जे. आर. फ्रीमन या राईंचा अर्थ देवाच्या सत्तेत व सामाजिक अधिकारात शोधतात. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचावेत. बेळगाव जिल्ह्याला येथील निष्कर्ष लावण्यापूर्वी स्थानिक पाहणी आवश्यक आहे."

या टिपेत "महत्त्वाचा" हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी लेखाचे स्थान कळते. व्हाइट यांच्या लेखाची टीप लिहितानाही हीच काळजी घ्यावी. "ख्रिस्ती धर्म पर्यावरणसंकटाला जबाबदार आहे असे व्हाइट म्हणतात", असे सर्रास लिहिले जाते. व्हाइट पाश्चात्त्य, म्हणजे लॅटिन ख्रिस्ती परंपरेविषयी बोलतात, पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेपासून ती वेगळी काढतात, आणि लेखाच्या अखेरीस त्याच ख्रिस्ती परंपरेतल्या असिसीच्या फ्रान्सिस यांना परिसरशास्त्रज्ञांचे संत मानावे असे सुचवतात. बेळगावात ख्रिस्ती वाचक आहेत आणि आपली सूची त्यांच्याही हातात जाणार आहे. अर्धवट टीप त्यांच्यावर अन्याय करते.

तुकारामांच्या अभंगाची किंवा वचनाची नोंद कशी करावी?

"वृक्षवल्ली आम्हां सोयरीं" हा चरण या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक मराठी लेखात येतो आणि बहुतेकदा गाथेचा संदर्भ न देता येतो. गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे नुसता अभंग क्रमांक देऊन काहीच सांगितले जात नाही. ज्या प्रतीतून अभंग घेतला तिची `Book` म्हणून नोंद करावी, तुकाराम लेखक, संपादक स्वतंत्र, आणि `Edition` भरावा. अभंगाचा क्रमांक उद्धृत घालताना पानाच्या जागी द्यावा.

टिपेत हा दावा ग्रंथाच्या प्रकारचा आहे असे स्पष्ट लिहावे. पुढे पूर्ण अभंग वाचावा. तो एकांतवासाच्या आणि मनाशी होणाऱ्या संवादाच्या सुखाविषयी आहे. झाडे लावण्याची आज्ञा त्यात शोधणे हे आजच्या वाचकाचे अर्थग्रहण आहे. ते अर्थग्रहण चुकीचे नाही, वारकऱ्यांना त्यातून वृक्षारोपणाची प्रेरणा मिळते हे खरेच आहे, पण ती प्रेरणा "आचार" या प्रकारात दुसऱ्या लेखनाच्या आधारे नोंदवावी. बसवण्णांच्या वचनांबाबत आणि जैन ग्रंथांतल्या अहिंसाविषयक उताऱ्यांबाबतही हाच नियम आहे.

जत्रेची पत्रके, देवस्थानाची कागदपत्रे आणि मुलाखती सूचीत घ्याव्यात का?

घ्याव्यात, पण वेगळ्या संग्रहात. पत्रकासाठी `Document`, हस्तलिखितासाठी `Manuscript` आणि मुलाखतीसाठी `Interview` हा प्रकार वापरावा. पत्रकावर वर्ष नसेल तर अंदाजाने टाकू नये. ते कोठे, केव्हा मिळाले हे टिपेत लिहावे. पुजारी, गुरव किंवा गावकरी यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय लिहू नयेत, आणि औषधी वनस्पती असलेल्या राईचे नेमके स्थान सामायिक संग्रहात ठेवू नये.

विषयशब्द किती असावेत?

थोडे. आधी `Settings` मधली आपोआप विषयशब्द जोडण्याची सोय बंद करावी, नाहीतर ग्रंथालयांच्या याद्यांमधून शेकडो इंग्रजी शब्द येतात. मग "दावा-ग्रंथ", "दावा-आचार", "दावा-परिसर" हे तीन, परंपरेसाठी वारकरी, लिंगायत, जैन, ख्रिस्ती, इस्लाम असे मोजके, आणि विषयासाठी देवराई, नदी, वन्यजीव एवढे पुरेत. देवरहाटी आणि देवरकाडु यांनाही "देवराई" हाच विषयशब्द द्यावा. लेखकाने वापरलेला शब्द टिपेत येतोच.

आम्ही तिघे मिळून सूची करतो. काय सांभाळावे?

गट-संग्रह तयार करून थेट त्यातच काम करावे. आपल्या खाजगी संग्रहातून नोंद गटात ओढली की तिची स्वतंत्र प्रत तयार होते, आणि नंतर एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत उतरत नाही. टिपा खाजगी संग्रहात सुधारत राहून गटातल्या जुन्याच राहिल्या, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. नोंदींच्या समक्रमणाला जागेची मर्यादा नाही. जोडलेल्या पीडीएफसाठी मात्र ३०० एमबीच मोफत मिळतात आणि गटातल्या फायली गटाच्या मालकाच्या हिश्शातून मोजल्या जातात, तेव्हा स्कॅन केलेली जड पुस्तके तेथे ठेवू नयेत.

सूची देण्यापूर्वी शेवटची तपासणी कशी करावी?

प्रत्येक टीप दुसऱ्या सदस्याने वाचल्यावर त्या नोंदीला "टीप-तपासली" हा विषयशब्द द्यावा. मग प्रगत शोधात `Tag` `is not` "टीप-तपासली" अशी अट घालून आणि `Show only top-level items` निवडून तो शोध जतन करावा. त्या यादीत काही उरले असेल तर काम उरले आहे. त्यानंतर मधल्या भागात `Language`, `Date` आणि `Creator` हे स्तंभ दाखवून एकेका स्तंभावर क्रम लावावा. रिकामे रकाने, देवनागरी अंकांतली वर्षे आणि एकाच लेखकाची दोन रूपे अशी एकत्र येतात की नजरेतून सुटत नाहीत. `Duplicate Items` हा भाग पाहावा, पण एकाच पुस्तकाची एक नोंद मराठीत आणि एक रोमन लिपीत असेल तर तो ती ओळखत नाही. त्या जोड्या वर्षाच्या क्रमाने यादी लावून डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. छापील सूचीत साधारणतः रोमन, मग देवनागरी, मग कन्नड असा क्रम येतो. मार्गदर्शकांना भाषावार विभाग हवे असतील, तर तीन जतन केलेले शोध घेऊन तीन याद्या स्वतंत्र छापाव्यात आणि वर्डमध्ये त्या एकाखाली एक ठेवाव्यात.